उलट्या रंगांचा टॅब: वर्गशिक्षिकेला लिहिलेल्या एका पत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेतला हा सहावीचा मुलगा. त्याला इथे श्रीनिवास म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी टॉवेलांना शिलाई मारते. मी विशेष शिक्षिका आहे. साध्या शाळांत शिकणाऱ्या अल्पदृष्टी मुलांकडे मी जाते, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून पाहता आलं.

श्रीनिवासच्या दोन्ही डोळ्यांचा कॉर्निया, म्हणजे समोरचा पारदर्शक पडदा, जन्मापासून धूसर आहे. जवळून पाहिलं तर बुबुळावर निळसर झाक दिसते, लांबून काही कळत नाही. चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर 6/36 येते, म्हणजे निरोगी डोळ्याला 36 मीटरवरून वाचता येतं ते त्याला 6 मीटरवर यावं लागतं. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 मध्ये 6/18 पासून 3/60 पर्यंतची नजर अल्पदृष्टीत धरली आहे, त्यामुळे त्याच्याकडे दिव्यांगत्वाचं कार्ड आहे. पण तो सायकल चालवतो, क्रिकेटमध्ये विकेटकीपरच्या मागे उभा राहून आरडाओरडा करतो आणि जिन्यावरून पळतो. ‘याला दिसत नाही’ असं त्याच्याकडे पाहून कुणी म्हणणार नाही. पुढच्या गोंधळाचं अर्धं मूळ इथेच आहे.

धूसर कॉर्नियाचा त्रास नुसत्या बारीक अक्षरांपुरता नसतो. धुळकट काचेच्या एसटीत समोरून ऊन आलं की ड्रायव्हरला रस्त्याऐवजी काचच दिसू लागते, तसं पांढऱ्या पानाचं होतं. पानावर अक्षरांनी व्यापलेली जागा थोडी आणि पांढरी जागा खूप. त्या सगळ्या पांढऱ्याचा उजेड धूसर पडद्यातून जाताना विखुरतो आणि डोळ्यात आत सगळीकडे पसरतो. काळ्या अक्षरांवरही त्याचा थर बसतो, मग काळं राखाडी होतं. पान काळं आणि अक्षरं पांढरी केली की विखुरायला उजेडच थोडा उरतो, अक्षरं उठून दिसतात.

इथे घरचे आणि शाळेतले दोघेही एकच उपाय सुचवतात: ‘मग टॅबचा ब्राइटनेस कमी करा की.’ तो करून पाहिला होता. डोळे कमी चुरचुरले, वाचन मात्र सुधारलं नाही. कारण साधं आहे. उजेड निम्मा केला तर पांढरं निम्मं होतं आणि अक्षरांवर बसणारा थरही निम्मा होतो. दोघांतलं प्रमाण जिथल्या तिथे राहतं.

टॅबवर रंग उलटवायचे हे आम्ही अंदाजाने ठरवलं नव्हतं. बालभारतीच्या पुस्तकाच्या पीडीएफमधले साधारण सारख्या लांबीचे उतारे घेतले, अक्षराचा आकार तोच ठेवला आणि एकदा सरळ रंगांत, एकदा उलट्या रंगांत मोठ्याने वाचायला लावलं. क्रम दर वेळी बदलला, नाहीतर दमल्यामुळे दुसरा उतारा हळू वाचला जातो आणि आपण रंगांना दोष देतो. पांढऱ्या पानावर त्याला तीन मिनिटांच्या आसपास लागायची, काळ्या पानावर दोनच्या आत. वेळेपेक्षाही मला पटलं ते दुसरंच: पांढऱ्या पानावर चौथ्या-पाचव्या ओळीनंतर तो डोळे चोळायचा आणि ओळ सोडून पुढे जायचा. काळ्या पानावर हे झालं नाही. प्रत्येक अल्पदृष्टी मुलाला असा फरक पडत नाही. डोळ्याचा समोरचा पडदा आणि भिंग स्वच्छ असून दोष मागच्या पडद्यात असेल तर पुष्कळदा दोन्ही प्रकारांत वाचन सारखंच निघतं. त्यामुळे एकाचं पाहून दुसऱ्याला हीच सेटिंग लावून देऊ नये.

टॅबचा डार्क मोड पुरला नाही. तो ॲपच्या चौकटी काळ्या करतो, आत उघडलेलं पुस्तकाचं पान पांढरंच राहतं. म्हणून `Colour inversion` लावावं लागलं. ते आख्ख्या पडद्याचे रंग उलटवतं.

अडचण

शाळेत टॅब आणायची परवानगी मुख्याध्यापकांनी तोंडी दिली होती. वर्गशिक्षिकांना फक्त ‘तो पुस्तक टॅबवर वाचणार आहे’ एवढंच माहीत. पहिल्या आठवड्यात शेजारच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, ह्याचा टॅब बिघडलाय की ओ!’ मॅडमनी पाहिलं तर काळा पडदा आणि त्यात पाठाशेजारचा फोटो, फिल्मच्या निगेटिव्हसारखा. चेहरा निळा, दात काळे. त्यांनी समजुतीने सांगितलं, घरून नीट करून आण. त्याने हो म्हटलं आणि तसाच आणला. घरच्यांनाही सांगितलं नाही.

खरी ठिणगी पडली ती भूगोलाच्या तासाला. महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा चालू होता आणि आपला जिल्हा कोणत्या रंगात आहे, हा सोपा प्रश्न होता. नकाशात पठार तपकिरी-पिवळसर, समुद्र फिकट निळा. श्रीनिवासने सांगितलं, ‘निळ्या रंगात.’ आणि मुंबईच्या पलीकडे काय आहे, तर ‘तपकिरी जमीन.’ वर्ग हसला. सोलापूरला पाणी किती दिवसांआड येतं हे पोरांना चांगलं ठाऊक, त्यामुळे आपला जिल्हा समुद्रात गेल्याचा विनोद दिवसभर पुरला. मॅडमना वाटलं, पोरगं मुद्दाम चेष्टा करतंय.

तो चेष्टा करत नव्हता. रंग उलटतात तेव्हा टॅब प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्याचं मूल्य 255 मधून वजा करतो. पांढरं काळं होतं ते यामुळेच. पण त्याच हिशेबाने तपकिरी उलटलं की आभाळी निळं येतं आणि फिकट निळं उलटलं की गडद तपकिरी. दख्खनचं पठार आणि अरबी समुद्र यांची बरोबर अदलाबदल होते. उजनीचं धरणही त्याला तपकिरी डाग म्हणून दिसलं असणार. त्याची रंगांची ओळख पक्की आहे, समोर दिसलं ते त्याने सांगितलं.

आईला शाळेतून फोन आला. तिने मॅडमना व्हॉट्सॲपवर समजावायचा प्रयत्न केला आणि पुरावा म्हणून टॅबचा स्क्रीनशॉट पाठवला. स्क्रीनशॉटमध्ये नकाशा अगदी सरळ होता, समुद्र निळा. मॅडमनी उत्तर दिलं, ‘ताई, यात तर सगळं बरोबर दिसतंय.’ त्यांचं चुकलं नव्हतं. अँड्रॉइड टॅबवर रंग उलटतात ते चित्र काचेवर जाण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, आणि स्क्रीनशॉट त्याच्या आधीचं चित्र उचलतो. म्हणजे आईने भाबडेपणाने नेमका उलटा पुरावा दिला. आता मुलगा खोटं बोलतो, इथपर्यंत गोष्ट गेली.

पर्याय

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वडिलांचं मत स्पष्ट होतं: काही लिहायचं नाही. ‘लिहून दिलं की उद्या म्हणतील, अंधशाळेत घाला.’ वर्गात सरळ रंग ठेवायचे, घरी उलटे. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, असं बोलणारे लोक मी पाहिले आहेत. पण यात शाळेचे पाच-सहा तास मुलगा वाचण्याचं सोंग करणार होता.

दुसरा पर्याय डॉक्टरांचं प्रमाणपत्र मुख्याध्यापकांकडे देण्याचा. कायद्याच्या बाजूने तो भक्कम. शैक्षणिक संस्थांनी मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, हे त्याच अधिनियमाच्या कलम 16 मध्ये आहे. मात्र प्रमाणपत्रात आजाराचं नाव आणि टक्केवारी असते. समुद्र तपकिरी का दिसला, याचं उत्तर त्यात नसतं. कागद कपाटात जातो आणि वर्गात काहीच बदलत नाही.

तिसरा, समक्ष भेट. आई तयार होती, पण ती शाळेत गेली की तिचं मराठी अडखळतं आणि सगळ्यालाच ती हो म्हणते. शिवाय बोललेलं एकाच शिक्षिकेपर्यंत पोचतं.

उरलं पत्र. आईने एक आधीच लिहून ठेवलं होतं, वहीची अडीच पानं. जन्मापासूनचा सगळा इतिहास, कुठल्या दवाखान्यात काय झालं, मग माफी, मग ‘आपण समजून घ्याल ही विनंती.’ वाचून कुणाचाही जीव कळवळावा असं पत्र होतं. पण मॅडमनी उद्या काय करायचं, याची त्यात एकही ओळ नव्हती. आणि चित्रांचे रंग बदलतात हे तिने मुद्दाम वगळलं होतं. ‘ते लिहिलं तर म्हणतील, मग ही सेटिंग नकोच.’

इथे आमचा बराच वेळ गेला. माझं म्हणणं होतं की तीच ओळ पत्रात सगळ्यात महत्त्वाची. मॅडमना जे खटकलंय त्याचा उल्लेखच नसेल तर बाकीचं पत्र सबब वाटणार. सेटिंग कुठे उपयोगी नाही हे आपण होऊन सांगितलं, तर कुठे लागतेच हेही त्या मानतील. शेवटी श्रीनिवासनेच तिढा सोडवला. तो म्हणाला, नकाशा आला की मी बटण दाबून सरळ करीन, पण ‘दाबू नको’ असं कुणी म्हणायचं नाही.

पत्र

आईने पुन्हा लिहिलं, मी फक्त कापाकापी केली. पाठवलेलं पत्र असं:

‘माननीय वर्गशिक्षिका मॅडम यांस सादर नमस्कार.

श्रीनिवासच्या टॅबवर रंग उलटे दिसतात. टॅब बिघडलेला नाही. ही सेटिंग आम्ही घरून लावून दिली आहे, त्याने खेळ म्हणून केलेली नाही.

त्याच्या डोळ्यांचा समोरचा पडदा जन्मापासून धूसर आहे. पांढऱ्या पानाचा उजेड त्यावर पसरतो आणि अक्षरं पुसट होतात. पान काळं व अक्षरं पांढरी केली की त्याला वाचता येतं. नुसता उजेड कमी करून पाहिला, त्याने वाचन सुधारत नाही.

या सेटिंगने चित्रांचेही रंग उलटतात. नकाशातला समुद्र तपकिरी आणि पठार निळसर दिसतं. भूगोलाच्या तासाला त्याने दिसलं तसं सांगितलं. त्याला रंग नीट ओळखता येतात. यापुढे नकाशा, चित्र किंवा फोटो पाहताना तो रंग सरळ करील. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबून धरली की रंग सरळ होतात, पुन्हा दाबली की उलटे. हे त्याचं त्याला जमतं.

आपण रंगाचा प्रश्न विचाराल तेव्हा आधी “रंग सरळ कर” एवढं म्हणावं. त्याला खिडकी बाजूला येईल असं बसवावं. आणि त्याच्या डोळ्यांविषयी वर्गासमोर बोलू नये, तो लाजतो. 

सोबत दोन फोटो आहेत. ते दुसऱ्या फोनने काढले आहेत, कारण टॅबच्या स्क्रीनशॉटमध्ये उलटे रंग येत नाहीत. मागे पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सरळ दिसलं ते यामुळे.

आपली विश्वासू,
श्रीनिवासची आई’

आजाराचं नाव पत्रात नाही, टक्केवारी नाही, कायद्याचं कलमही नाही. कलम हाताशी ठेवलं होतं, पण मॅडमनी अजून काही नाकारलंच नव्हतं. न नाकारलेल्या गोष्टीसाठी कायदा दाखवला की समोरचा माणूस बचावात जातो.

काय केलं

पत्र देण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, बटणांची. टॅबवर त्याच बटणांना अक्षरं मोठी करण्याची सोयही जोडलेली होती. अशा वेळी बटणं दाबली की रंग थेट उलटत नाहीत, यादी उघडते आणि त्यातून निवडावं लागतं. वर्गात हा खोळंबा परवडत नाही. म्हणून बटणांवर फक्त रंग ठेवले आणि अक्षरं मोठी करायला पडद्यावर तीनदा टिचकी मारायची सोय केली.

दुसरी, बसण्याची जागा. तो खिडकीकडे पाठ करून बसायचा, कारण आधी कुणीतरी सांगितलं होतं की उजेड डोळ्यावर नको. पांढऱ्या पानाला ते ठीक. पण काळा पडदा आरशासारखा वागतो. मैदानावरचं ऊन मागच्या खिडकीतून सरळ त्यात उतरायचं आणि पांढऱ्या अक्षरांत मिसळायचं. खिडकी समोर नको आणि पाठीमागेही नको, डाव्या-उजव्या बाजूला हवी, ती यासाठी. ते तपासायला टॅब बंद करून त्याच्या जागेवर धरला आणि काळ्या काचेत काय दिसतं ते पाहिलं. खिडकी दिसली, की जागा बदलायची.

फळ्याचा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात नव्हता, तो पत्र गेल्यावर वर्गात निघाला. श्रीनिवास फळ्याचा फोटो काढून मोठा करून वाचतो. काळ्या फळ्यावर पांढरा खडू, म्हणजे फळा आधीच त्याला हवा तसा आहे. रंग उलटे असताना फोटो पाहिला की तोच फळा पांढरा आणि खडू काळा होतो, जे त्याला वाचता येत नाही. तो म्हणायचा, फळ्याचे फोटो खराब येतात. आम्ही कॅमेरा पुसत बसलो होतो. मग सवय लावली: पुस्तक उलट्या रंगांत, फळा सरळ रंगांत. पत्राच्या पुढच्या प्रतीत ही ओळ घातली.

कागदी पुस्तकाला कुठलंच बटण नाही. त्यासाठी काळ्या कार्डशीटला एका ओळीएवढी लांबट खिडकी कापून दिली. ती पानावर ठेवली की वाचायची ओळ उघडी राहते आणि भोवतालचं पांढरं झाकलं जातं. अक्षरं काळीच राहतात, पण उजेडाचा मोठा भाग जातो. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेला हीच चालली, जोडीला मोठ्या अक्षरांची प्रत आणि वाढीव वेळ.

निष्पत्ती

मॅडमनी पत्र वाचून आईला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला तो स्क्रीनशॉटचा. ते कोडं सुटल्यावर बाकीचं त्यांनी लगेच मानलं. दोन दिवसांनी त्यांनी नकाशाचा तोच प्रश्न पुन्हा घेतला, सगळ्या वर्गाला ‘टॅब असेल त्याने रंग सरळ करा’ असं मोघम म्हणून. टॅब एकाच्याच हातात होता, पण त्याचं नाव घेतलं गेलं नाही. हे त्यांना पत्रात कुणी सुचवलं नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. विज्ञानाच्या सरांपर्यंत पत्र पोचलंच नव्हतं. लिटमसच्या फोटोवरून प्रश्न आला आणि श्रीनिवास बटण दाबायला विसरला. लाल कागद त्याला फिरोजी दिसला, त्याने निळा लिहिलं आणि आम्ल-आम्लारीची पूर्ण अदलाबदल झाली. गुण गेले. टॅबवर रंगवलेल्या चित्रातही तेच: पडद्यावर निळं दिसणारं आभाळ त्याने निवडलं, सरांच्या फोनवर ते तपकिरी पोचलं. आता रंगाचं काहीही लिहिण्याआधी बटण दाबायचं असा त्याचा नेम आहे, पण घाईत तो मोडतो.

राखाडी चौकटींचा प्रश्न सुटलेला नाही. पुस्तकात काही मजकूर करड्या पट्टीवर करड्याच अक्षरांत असतो. मधला करडा रंग उलटला तरी जवळजवळ तसाच राहतो, त्यामुळे या सेटिंगचा तिथे काही उपयोग होत नाही. असा मजकूर आई त्याला वाचून दाखवते.

वेगळं काय करता आलं असतं

परवानगी तोंडी घेतली तिथेच पत्र द्यायला हवं होतं, जूनमध्ये, सगळ्या विषयशिक्षकांना एकेक प्रत. वर्गशिक्षिकेला दिलेलं पत्र त्यांच्या टेबलाच्या खणापुढे जात नाही, हा अनुभव एका शाळेपुरता नाही.

टॅब पहिल्यांदा ‘बिघडलेला’ ठरला तेव्हा मुलाने घरी का सांगितलं नाही, याचा विचार कुणी केला नव्हता. त्याला बटण माहीत होतं, पण काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं. ‘माझं पुस्तक असंच वाचता येतं, चित्र पाहायला मी सरळ करतो’ एवढं एक वाक्य तयार असतं तर नकाशापर्यंत पाळी आली नसती. आता ते त्याला येतं, आणि तो ते वैतागून म्हणतो.

वडिलांचा आक्षेप मी अजूनही पूर्ण चुकीचा मानत नाही. पत्राची एक प्रत स्टाफरूमच्या फलकावर लागली होती, चांगल्या हेतूनेच. आईने ती काढून घ्यायला लावली. पुढच्या वर्षीच्या पत्रात तळाला ‘फक्त शिक्षकांसाठी’ असं लिहायचं ठरलं आहे. शिवाय सातवीच्या वर्गात डिजिटल बोर्ड आहे. त्याच्या पांढऱ्या स्लाइड टॅबवरून उलटवता येत नाहीत, त्यामुळे शिक्षकांकडून फाइल आदल्या दिवशी मागावी लागेल, आणि ती विनंती पत्रात कोणत्या शब्दांत घालायची यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.